केस सांभाळणारी आणि केंद्र सांभाळणारी

(समुपदेशन केंद्रं चालवणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे, तो आपल्या सगळ्यांच्या कार्यालयात दर दोन-तीन वर्षांनी उभा राहतो. केंद्राची समन्वयक सोडून जाते. कोणाचं लग्न होतं, कोणाला सरकारी नोकरी लागते, कोणी थकते. मग कार्यकारिणी बसते आणि कोणीतरी म्हणतं, 'अहो, शोधायचं काय त्यात? आपली अमुक आहे की, तिच्याइतक्या केसेस कोणी सोडवल्यात?' दहा मिनिटांत ठराव होतो, पेढे येतात. सहा महिन्यांनी असं दिसतं की आपली सर्वांत चांगली समुपदेशक आपण गमावली आहे, समन्वयकही मिळालेली नाही आणि केंद्रातल्या दोघी नोकरी शोधताहेत.

जिनं आजवर फक्त स्वतःचं काम केलं आहे, दुसऱ्या कोणाच्या कामाची जबाबदारी कधी घेतलेली नाही, तिला ती जबाबदारी झेपेल की नाही हे ओळखायचं कसं? तिच्या गाठीला नेतृत्वाचा अनुभवच नाही, त्यामुळे तपासायला तयार पुरावा नाही. म्हणून आपण जो पुरावा सहज हाताशी आहे तो धरतो, म्हणजे तिचं स्वतःचं काम किती चांगलं आहे हा. पण तो एका वेगळ्याच प्रश्नाचा पुरावा आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली पुस्तक लिहून ही गोष्ट थट्टेच्या सुरात मांडली होती, की माणसाला बढती मिळत मिळत ते अशा जागी येऊन थांबतं जिथलं काम त्याला येत नाही. पुढे २०१९ साली बेन्सन, ली आणि श्यू या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कंपन्यांमधल्या विक्रेत्यांची आकडेवारी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची विक्री जास्त त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण असे पट्टीचे विक्रेते प्रमुख झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट कमी पडत होती. ज्यांनी आधीपासून इतरांबरोबर वाटून काम केलं होतं, ते मात्र बरे प्रमुख ठरत होते. आता माल विकणं आणि मार खाल्लेल्या बाईच्या समोर बसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलायला मी सांगणार नाही. पण 'इतरांबरोबर वाटून केलेलं काम' हा धागा मला फार उपयोगी वाटतो, कारण तो शोधायला आपल्या फायली आणि रजिस्टरं पुरतात.

मी एका जिल्ह्याच्या गावातल्या केंद्राच्या निवड समितीवर बाहेरची सदस्य म्हणून होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण ज्या दोघींबद्दल बोलणार आहे त्या अजून तिथेच काम करताहेत. केंद्रात पाच कार्यकर्त्या, एक मदतनीस आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या वकील बाई. समन्वयकेच्या जागेसाठी आतूनच दोघींचे अर्ज आले होते. एकीला थोरली म्हणू या, तिचा अनुभव अकरा वर्षांचा. दुसरी धाकटी, तिला चार वर्षं झाली होती. दोघींनीही तोवर फक्त केसेस केल्या होत्या.

थोरलीचं नाव गावात सगळ्यांना माहीत. पोलीस ठाण्यात ती शिरली की हवालदार खुर्ची पुढे करतो. रात्री अकरा वाजता बाईला घरातून काढून आसऱ्याला पोचवायचं असेल तर सगळ्या तिलाच फोन करतात. धाकटी त्या मानानं संथ. तिच्या केसेस कमी आणि नोंदी लांबलचक. पाचपैकी तीन समिती सदस्यांचं मत मुलाखतीच्या आधीच ठरलेलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही पहिली गोष्ट केली ती अशी, की जाणाऱ्या समन्वयकेला मागच्या तीन महिन्यांची डायरी घेऊन बसवलं आणि विचारलं, 'या नव्वद दिवसांत तुम्ही नेमकं काय केलंत?' त्यातून निघालेली यादी समितीला चकित करणारी होती. स्वतःच्या केसेस फक्त सहा. बाकी काय? इतरांच्या फायली वाचून त्यावर बोलणं. नव्या मुलीबरोबर गृहभेटीला जाऊन मागे बसून राहणं. दोन कार्यकर्त्यांत रजेवरून झालेलं भांडण. एका केसमध्ये बाईनं जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यानंतर ती केस बघणारी कार्यकर्ती आठवडाभर सुन्न होती, तिच्याबरोबर बसणं. संरक्षण अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार. तिमाही अहवाल. आणि एकीला तिच्या तोंडावर सांगणं, की तू तीन महिने पाठपुरावा केलेला नाहीस.

आपल्यापैकी ज्या समाजकार्याच्या महाविद्यालयातून आल्या आहेत त्यांना कादुशिन आठवेल. देखरेखीची तीन कामं त्यानं सांगितली आहेत: कारभार पाहणं, शिकवणं आणि आधार देणं. परीक्षेत आपण ती तीन वाक्यांत लिहून मोकळ्या झालो. पण त्या डायरीत ती तिन्ही कामं तारखांसकट दिसत होती, आणि त्यांतलं एकही काम थोरलीच्या किंवा धाकटीच्या केसेसच्या आकड्यावरून कळणारं नव्हतं. ही यादी आधी केली नाही तर समिती प्रत्येकीला आपल्या मनातल्या 'चांगल्या बाई'शी ताडून पाहते. आणि पाच जणांच्या मनात पाच बाया असतात.

मुलाखतीत 'तुम्ही समन्वयक झालात तर टीम कशी सांभाळाल?' हा प्रश्न आम्ही काढूनच टाकला. त्याचं उत्तर सगळ्यांना येतं. 'सर्वांना विश्वासात घेऊन, समजून घेऊन,' वगैरे. शिबिरं करून करून ही वाक्यं आपल्या जिभेवर बसली आहेत. त्याऐवजी घडून गेलेलं विचारायचं, आणि दोघींना तेच, त्याच क्रमानं. आमचे प्रश्न चारच होते. तुमच्या हातातली केस दुसरीकडे सोपवायची वेळ आली तेव्हा तुम्ही तिला काय काय दिलंत? तुम्ही कोणाला असं काय शिकवलंत, जे ती आजही करते? एखाद्या सहकारणीच्या कामात तुम्हाला गंभीर चूक दिसली तेव्हा ती कोणाला, कुठे, कोणत्या शब्दांत सांगितलीत? आणि तुमचं म्हणणं बैठकीत फेटाळलं गेलं, त्यानंतर तुम्ही काय केलंत?

मूळ प्रश्नापेक्षा त्याच्या मागोमाग येणारे बारके प्रश्न महत्त्वाचे. 'कधीची गोष्ट? तुम्ही नेमकं काय म्हणालात? मग ती काय म्हणाली? पुढे काय झालं?' खरोखर घडलेलं असेल तर माणूस तपशिलात शिरतं, अडखळतं, 'नाही नाही, ते नंतर' असं म्हणून दुरुस्त करतं. घडलेलं नसेल तर ते पुन्हा तत्त्वांवर येतं.

इथे आपल्या चळवळीतली एक सवय आड येते. मोठ्या कंपन्यांत म्हणे उमेदवार सारखं 'मी, मी' करतात. आपल्याकडे उलट. बाई सगळ्याला 'आम्ही' म्हणते. 'आम्ही तिला नेलं, आम्ही ठरवलं.' तो आपला संस्कार आहे आणि चांगला आहे. पण समितीनं त्यावर भाळू नये की 'वा, किती सामूहिक वृत्ती!' आणि त्यामुळे एखादीचं काम झाकलंही जाऊ नये. शांतपणे विचारायचं, 'त्या आम्हीमध्ये तुम्ही काय केलंत?' धाकटीला असं तीनदा विचारावं लागलं. तेव्हा कुठे कळलं, की केंद्रात नव्या येणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यात जो चार पानी कागद देतात, आसरागृहाचे नियम, कुठल्या रुग्णालयात कोणत्या वेळी जायचं, कुठल्या कागदाच्या किती प्रती, तो तिनं स्वतःच्या वहीवरून तयार केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. समितीतल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. असलं काम अहवालाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. घरातल्या कामासारखंच ते, झालं नाही तरच दिसतं.

सोपवण्याच्या प्रश्नावर थोरली खरं बोलली. म्हणाली, 'मी सहसा सोपवत नाही. बाईला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागतं, तिचे हाल होतात.' यात बाईंबद्दल कळकळ आहे, ती खोटी नाही. पण अकरा वर्षांत तिनं सोपवलेल्या केसेस तीन होत्या, आणि तिच्या बाळंतपणाच्या रजेत त्या फायलींमधून कोणालाच काही उमगत नव्हतं, कारण निम्मी माहिती तिच्या डोक्यात होती.

आता सर्वांत उपयोगी पडलेल्या भागाकडे येते. आम्ही एक खोटी केस-फाईल तयार केली. एका नव्या कार्यकर्तीनं लिहिली आहे असं समजायचं. सव्वीस वर्षांची बाई, दोन मुलं, नवरा मारतो. तीन भेटींच्या नोंदी. दुसऱ्या भेटीत एक वाक्य आहे, 'नवऱ्यानं गळा धरला असे सांगते,' आणि पुढे त्यावर काहीही विचारलेलं नाही. तिसऱ्या भेटीत नवऱ्याला बोलावून 'समज देऊन समझोता केला, सासरी पाठवले.' पुढची तारीख नाही. बाईच्या कागदपत्रांची नोंद नाही. २००५ च्या कायद्याखाली तिला काय काय मागता येतं हे तिला सांगितल्याची, घरगुती घटनेचा अहवाल भरायची तिची इच्छा आहे का हे विचारल्याची नोंद नाही. शेवटी वेगळ्या अक्षरात, 'बाईचा दोनदा फोन आला, ताई बाहेर होत्या.'

तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलंच असेल की यातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट गळ्याची आहे. गळा दाबण्याची खूण बाहेरून बरेचदा दिसतही नाही. पण ज्या बाईचा नवऱ्यानं आधी गळा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. जॅकलिन कॅम्पबेल यांच्या धोका तपासायच्या प्रश्नावलीत म्हणूनच तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला असतो. तेव्हा फाईल वाचणाऱ्या समन्वयकेनं तारीख आणि कागदपत्रांच्या आधी ते वाक्य पकडायला हवं.

उमेदवाराला फाईल वाचायला अर्धा तास द्यायचा. मग वीस मिनिटं तिनं ती फाईल लिहिणाऱ्या नव्या कार्यकर्तीशी बोलायचं. नव्या कार्यकर्तीचं काम दुसऱ्या संस्थेतल्या एका मैत्रिणीनं केलं. तिला आम्ही दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, सुरुवातीला तू थोडी बचाव करायचास, 'बाईलाच परत जायचं होतं' असं म्हणायचंस. दुसरी, तिसऱ्या भेटीत बाईची सासू खोलीतच बसून होती, पण हे फाईलमध्ये नाही. कोणी 'त्या दिवशी कसं कसं झालं' असं नीट विचारलं तरच सांगायचंस. दोघी उमेदवारांसमोर ती सारखीच वागेल हे पाहायचं.

थोरलीनं अर्धा तास घेतलाच नाही. आठव्या मिनिटाला ती म्हणाली, 'ह्या गळ्याच्या वाक्यावर कोणी काहीच केलं नाही?' समितीतल्या दोघांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिची नजर ती! मग संभाषण सुरू झालं. तिनं नव्या मुलीला चुका सांगितल्या, सगळ्या बरोबर, एकही सुटली नाही. मुलगी म्हणाली, 'पण बाईलाच जायचं होतं.' थोरली म्हणाली, 'त्यांना तसंच वाटतं गं. दे, तिचा नंबर दे मला, मी आत्ता बोलते.' सहाव्या मिनिटाला केस थोरलीच्या हातात आली होती. बाई कदाचित वाचली असती. पण ती मुलगी जशी आली होती तशीच उठली, फक्त थोडी जास्त घाबरलेली. पुढच्या गळ्याच्या वाक्यावर ती पुन्हा काहीच विचारणार नव्हती, आणि सासूची गोष्ट कोणाला कळलीच नाही.

धाकटीनं पूर्ण अर्धा तास घेतला. तिनं गळ्याचं वाक्य पकडलं, कागदपत्रांचं सुटलं. बसल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, 'तिसऱ्या भेटीच्या दिवशी काय काय झालं ते मला सांग, अगदी ती दारातून आली तिथून.' चौथ्या मिनिटाला सासू बाहेर आली. मग तिनं विचारलं, 'सासू समोर असताना ती परत जाते म्हणाली, ते तुला कसं वाटतं?' मुलगी गप्प झाली आणि मग स्वतःच म्हणाली, 'तिला एकटीला भेटायला हवं होतं.' आज संध्याकाळच्या आत फोन कोणी करायचा, काय विचारायचं, नवऱ्यानं उचलला तर काय बोलायचं, हे दोघींनी मिळून ठरवलं. फोन मुलगीच करणार होती, धाकटी शेजारी बसणार होती.

इतकं ऐकून तुम्ही म्हणाल, झाली निवड. नाही. धाकटीत एक मोठी उणीव दिसली. वीस मिनिटांत तिनं त्या मुलीला हे एकदाही स्पष्ट सांगितलं नाही, की गळ्याचं विचारल्याशिवाय बाईला परत पाठवणं धोक्याचं होतं आणि असं पुन्हा चालणार नाही. ती त्याच्या अवतीभवती फिरत राहिली. मुलगी हलकी होऊन गेली, पण किती मोठी गोष्ट सुटली होती हे तिला कळलं असेल याची खात्री नव्हती. ज्या केंद्रात चूक झाली तर जीव जाऊ शकतो, तिथं गोड बोलून चालत नाही.

म्हणून आम्ही दोघींना तेच पुन्हा करायला लावलं. पंधरा मिनिटांची सुट्टी, चहा, आणि प्रत्येकीला एकच गोष्ट सांगितली. थोरलीला, 'या वेळी केस तुमच्याकडे घ्यायची नाही.' धाकटीला, 'या वेळी कठीण वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बोला.' मग पुन्हा दहा मिनिटं. पहिल्यांदाच प्रमुख होऊ पाहणाऱ्या व्यक्तीला कोणत्या तरी गोष्टी येणारच नाहीत. सांगितल्यावर काय बदलतं, हे पाहणं म्हणून जास्त मोलाचं. धाकटी लाल झाली, आवाज कापला, पण बोलली. 'गळा धरला हे तू लिहिलंस आणि पुढे विचारलं नाहीस. यात बाई मरू शकते. इथून पुढे असं वाक्य आलं की तू त्याच दिवशी मला येऊन सांगायचं.' थोरलीनं तीन प्रश्न विचारले, खरोखर चांगले प्रश्न. चौथ्याला तिचा हात पुन्हा फोनकडे गेला. नंतर ती स्वतःच हसली आणि म्हणाली, 'माझ्यानं बघवत नाही हो नुसतं.'

हे चाललेलं असताना प्रत्येक सदस्यानं आपापल्या कागदावर गुण लिहायचे, एकमेकांशी न बोलता, आणि प्रत्येक गुणाशेजारी जे ऐकलं ते वाक्य लिहायचं. चर्चा त्यानंतर. नाहीतर अध्यक्षबाई घसा खाकरून 'मला तर बाई अमुकच...' म्हणतात आणि बाकीचे कागद आपोआप तसेच भरले जातात. गुणांशेजारी वाक्य असलं की भांडणही वाक्यावर होतं, माणसावर होत नाही. आमच्यात भांडण झालं, चांगलं दीड तास.

सहकारणींना विचारावं का? जरूर विचारावं, पण मतदान घेऊ नये. मतदानात मैत्री मोजली जाते, कोण कोणाच्या गावची, कोणाच्या जातीची हेही मोजलं जातं, आपण कितीही नाही म्हटलं तरी. आम्ही प्रत्येकीला वेगळं भेटून एवढंच विचारलं, 'तुमचं काही अडलं तेव्हा तुम्ही हिच्याकडे गेलात का? गेलात तेव्हा काय झालं?' सर्वांत नवी मुलगी आणि जिचं उमेदवाराशी वाजलं आहे ती, या दोघींचं ऐकणं चुकवू नये. आणि मदतनीस बाईंनाही विचारावं. आमच्या मदतनीस म्हणाल्या, 'थोरल्या ताई असल्या की मला भीती वाटत नाही. धाकट्या ताई असल्या की मला विचारता येतं.' मी ते वाक्य लिहून ठेवलं. दोन्ही गोष्टी केंद्राला लागतात.

एक प्रश्न मात्र एका सदस्यानं विचारायला घेतला आणि आम्ही तिथेच थांबवला: 'घरचे उशिरा थांबू देतील का?' बायकांच्या संस्थेत तरी हा प्रश्न नको. कामाच्या वेळा, महिन्यातून किती रात्री फोन आपल्याकडे राहील, जिल्ह्याला किती वेळा जावं लागेल, हे सगळं जाहिरातीतच लिहावं. ते वाचून जिनं अर्ज केला, तिनं आपल्या घराचा हिशोब केलेला आहे. विचारायचंच तर हे विचारावं की 'तुमच्या केसेस सहावर येतील. मग तुम्हाला कशाची उणीव भासेल?' यावर धाकटी बराच वेळ विचार करून म्हणाली, 'बाई पहिल्यांदा हसते तेव्हा मी समोर नसेन.' थोरली म्हणाली, 'केसेस सहावर का आणायच्या? मी दोन्ही करीन.' या उत्तरानं माझं मत पक्कं झालं. दोन्ही करीन म्हणणारी दोन्ही करते, रात्री दहापर्यंत थांबून करते, आणि मग देखरेखीचं काम सोमवारवरून पुढच्या सोमवारवर जात राहतं, कारण दारात उभी असलेली बाई नेहमीच जास्त निकडीची असते.

निर्णय तीन विरुद्ध दोन असा झाला. धाकटीला सहा महिन्यांसाठी प्रभारी म्हणून नेमायचं, समन्वयकेच्या पूर्ण पगारावर. हे पगाराचं मी मुद्दाम सांगते, कारण 'आधी करून दाखव, मग पाहू' म्हणत बायांकडून फुकट काम करवून घ्यायची खोड आपल्याही संस्थांत आहे. दर पंधरवड्याला बाहेरच्या एका अनुभवी बाईंबरोबर तिनं बसायचं, मुख्यतः कठीण बोलण्याच्या तयारीसाठी. सहा महिन्यांनी जमलं नाही तर पूर्वीच्या जागी परत, आणि त्याला शिक्षा म्हणायचं नाही, हे नेमणूकपत्रातच लिहिलं. थोरलीसाठी वरिष्ठ समुपदेशक अशी जागा केली, समन्वयकेइतक्याच पगाराची. जिवाला धोका असलेली प्रत्येक केस तिच्या नजरेखालून जाईल असं ठरलं. यासाठी कार्यकारिणीला वर्षाचं अंदाजपत्रक बदलावं लागलं आणि प्रवासखर्चाला कात्री लावावी लागली. ज्या संस्थेत वर चढायची एकच शिडी असते, तिथं चांगल्या समुपदेशकांनाही पगारासाठी तीच चढावी लागते.

थोरलीला हे सांगायला अध्यक्षबाई आणि मी गेलो. पत्र पाठवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'अकरा वर्षं मी केलं ते काय कमी पडलं?' अध्यक्षबाईंनी तिला गुणांचा कागद दाखवला. गळ्याच्या वाक्याला तिला सर्वांनी पूर्ण गुण दिले होते, आणि नव्या मुलीशी बोलण्याच्या रकान्यात तिचंच वाक्य लिहिलेलं होतं, 'दे, मी आत्ता बोलते.' ते तिनं दोनदा वाचलं. 'हे तर मी रोज म्हणते,' ती म्हणाली. त्या दिवशी ती लवकर घरी गेली. पुढचे तीन आठवडे ती बैठकीला यायची, बोलायची मात्र नाही. पुढे बोलायला लागली. नाराजी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही.

सहा महिन्यांनी पाहणी केली तेव्हा धाकटीच्या केसेस किती सुटल्या हे आम्ही विचारलंच नाही. इतर चौघींच्या प्रत्येकी पाच फायली कोणत्याही क्रमानं काढल्या आणि सहा महिन्यांपूर्वीच्या पाचांशी ताडून पाहिल्या. धोक्याचं विचारलं आहे का, पुढची तारीख आहे का, दुसरीला वाचून काम पुढे नेता येईल का. तारखा आणि धोक्याची नोंद स्पष्टपणे सुधारली होती. दुसरं पाहिलं ते हे, की वाईट बातमी तिच्यापर्यंत किती दिवसांनी पोचते. एका कार्यकर्तीनं न्यायालयाची तारीख चुकवल्याचं दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं होतं. हे चांगलं लक्षण. जिथं समन्वयकेला भितात किंवा तिच्याकडे वेळ नसतो, तिथं अशी गोष्ट महिन्यानं आणि बाहेरून कळते. तिसरं, तिच्या स्वतःच्या केसेस. त्या सहावर यायला हव्या होत्या, होत्या नऊ. याबद्दल तिला सांगितलं. पाठपुरावा न करणाऱ्या एका कार्यकर्तीशी बोलायला तिनं चार महिने लावले, आणि तिनं बोलल्यावर ती कार्यकर्ती सोडून गेली. त्यावर समितीत अजून दोन मतं आहेत. माझं मत असं की बोलणं बरोबर होतं, उशीर चूक होता. नेमणूक कायम झाली.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. वीस मिनिटांच्या नाटकात माणूस आपल्या बऱ्या रूपात असतं. वर्षभरानंतर, पगार दोन महिने थकलेला असताना आणि निधी देणारे दारात बसलेले असताना ती कशी वागेल, हे त्यातून कळत नाही. दोन उमेदवारांत थोडासाच फरक असेल तर गुणांचा कागद तो फरक खरा आहे की नाही हेही सांगू शकत नाही. म्हणूनच सहा महिन्यांचा प्रभार आणि परतीची वाट या गोष्टी मी निवडीचाच भाग धरते.

ती खोटी फाईल मी बरोबर आणली आहे, पंचवीस प्रती आहेत. चहानंतर चौघीचौघींचे गट करू या. एकीनं उमेदवार व्हायचं, एकीनं नवी कार्यकर्ती, दोघींनी न बोलता लिहायचं. नवी कार्यकर्ती होणाऱ्यांनी आधी माझ्याकडे या, सासूची गोष्ट त्यांना बाजूला सांगते. बाकीच्यांना ती आता माहीत झालीच आहे, तेव्हा मी सासूच्या जागी दुसरं काहीतरी घातलं आहे.